शाखा की उपकंपनी? परदेशी कंपनी आपल्याकडे येते तेव्हा नेमकं येतं कोण

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-सावदा पट्ट्यात केळी निर्यातीचं काम वाढलं तसा एक प्रश्न माझ्याकडे वारंवार यायला लागला. केळी बागायतदार विचारतात, खोकी पुरवणारे विचारतात, पॅक हाऊस भाड्याने देणारेही विचारतात: "साहेब, कंपनी परदेशी आहे म्हणतात, पण करारावर सही कुणाची आहे ते बघून सांगा." प्रश्न अगदी बरोबर आहे. कारण "परदेशी कंपनी" हे बोलण्यापुरतं झालं. कायद्याने ती कंपनी भारतात दोन अगदी वेगळ्या रूपांत उभी राहू शकते. एक म्हणजे शाखा कार्यालय, म्हणजे ब्रँच ऑफिस. दुसरं म्हणजे उपकंपनी, म्हणजे सबसिडिअरी. गेटवरचा लोगो दोन्हीकडे सारखाच असतो, आतलं सगळं वेगळं असतं.

शाखा ही वेगळी व्यक्ती नसते. समजा कंपनी नेदरलँड्समधली आहे, तर तीच जळगावात बसून व्यवहार करत असते. पॅन तिचा, करार तिचे, कर्ज तिचं. उपकंपनी मात्र इथेच जन्माला आलेली भारतीय कंपनी असते. तिचे शेअर परदेशी कंपनीकडे असतात एवढंच, बाकी कायद्याच्या नजरेत ती स्वतंत्र आहे. आपल्याकडे थोरल्या भावाने दुसऱ्या गावच्या मळ्यावर आपला सालदार ठेवला, तर त्या मळ्याचं देणं भावाचंच. पण वेगळा निघालेला मुलगा, ज्याच्या नावावर स्वतःचा सातबारा आहे, त्याच्या सोसायटीच्या कर्जासाठी बापाच्या जमिनीवर बोजा चढत नाही. पुढचं सगळं, म्हणजे काम काय करता येईल, कर किती लागेल आणि पैसे बुडाले तर कुणाच्या दारात जायचं, या एकाच फरकातून निघतं.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. नेदरलँड्समधली एक फळ कंपनी आहे. तिला रावेर-यावल भागातली केळी घेऊन आखाती देशांत आणि युरोपात पाठवायची आहेत. पुढेमागे निर्यातीला न बसणाऱ्या मालाचा पल्प आणि पावडर करायचा कारखानाही टाकायचा आहे. तिने शाखा उघडावी की उपकंपनी काढावी?

आधी पाहायचं ते काम. शाखेने काय करायचं याची यादी परकीय चलन कायद्याखालच्या २०१६ च्या नियमावलीत दिलेली आहे. मालाची आयात-निर्यात, सल्ला सेवा, संशोधन, मूळ कंपनीच्या वतीने खरेदी-विक्रीचा एजंट म्हणून काम, सॉफ्टवेअर सेवा, आपल्या उत्पादनांना तांत्रिक मदत, अशी ती यादी आहे. त्यात किरकोळ विक्री बसत नाही. उत्पादन आणि प्रक्रियाही बसत नाही, आणि तिथे नियमाचे शब्द "प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष" असे आहेत. विशेष आर्थिक क्षेत्रातल्या युनिटला वेगळी सवलत आहे, पण आपल्या उदाहरणाला ती लागू पडत नाही.

म्हणजे आपल्या डच कंपनीच्या शाखेला केळी विकत घेऊन जहाजावर चढवता येतील. पल्पचा कारखाना मात्र तिला टाकता येणार नाही. "कारखाना दुसऱ्याच्या नावावर ठेवू, माल आमचा, मशीन आमचं, माणसं आमची" अशी वाट कुणी सुचवली, तर "अप्रत्यक्ष" हा शब्द तिथेच आडवा येतो. पॅक हाऊसचं काम मधल्या जागी आहे. घडाच्या फण्या करणं, पाण्याच्या टाकीतून काढणं, चीक पुसणं, ग्रेडिंग आणि तेरा किलोच्या खोक्यात भरणं ही प्रक्रिया की निर्यातीची तयारी? माझं मत असं की ही निर्यातीची तयारी आहे. पण मतावर धंदा उभा करू नये. अर्जातच हे काम शब्दाशब्दाने लिहावं आणि मंजुरीच्या पत्रात ते आलं आहे का ते बघावं. "कृषी मालाचा व्यापार" एवढंच मोघम लिहिलेल्या अर्जाचा त्रास दोन-तीन वर्षांनी होतो. शाखेला दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत सीएकडून घेतलेला कामकाजाचा दाखला द्यावा लागतो. मंजुरीत जे काम आहे तेच केलं, असं सीएला त्यावर सही करून सांगायचं असतं, आणि मग मोघम शब्द कुणाच्याच कामाचे राहत नाहीत.

उपकंपनीला अशी यादी नाही. ज्या क्षेत्रात परदेशी गुंतवणूक चालते ते कुठलंही काम ती करू शकते. अन्न प्रक्रियेत १०० टक्के परदेशी मालकी सरकारची वेगळी परवानगी न घेता चालते. टिश्यू कल्चरची रोपं तयार करणंही चालतं, कारण बियाणं आणि लागवडीच्या साहित्याचं उत्पादन खुलं आहे. पण एक दार दोघींनाही बंद आहे: उघड्या शेतात केळीची लागवड. शेतीत परदेशी पैसा फक्त ठरावीक कामांना चालतो आणि भाजीपाला-फळबागेसाठी नियंत्रित वातावरणाची अट आहे. मृगबाग असो की कांदेबाग, केळीच्या कुठल्याच लागवडीच्या हंगामात परदेशी भांडवलावर अशी शेती करता येत नाही. "कंपनी तुमची जमीन घेऊन स्वतः केळी लावणार आहे" असं कुणी सांगत आलं, तर कागद नीट बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता प्रवेशाची पायरी. शाखेसाठी मूळ कंपनीने आपल्या देशात लागोपाठ मागची ५ वर्षं नफा कमावलेला असावा लागतो आणि तिची निव्वळ मालमत्ता किमान १ लाख डॉलर असावी लागते. स्वतः ही अट पुरी होत नसेल, पण जी कंपनी हिची मालक आहे ती पुरी करत असेल, तर तिचं हमीपत्र चालतं. अर्ज परकीय चलनाचा परवाना असलेल्या बँकेमार्फत एफएनसी नावाच्या फॉर्ममध्ये जातो आणि रिझर्व्ह बँक त्याला ओळख क्रमांक देते. पत्र मिळाल्यावर ६ महिन्यांत कार्यालय उघडावं लागतं. मग ३० दिवसांत कंपनी निबंधकाकडे नोंद करायची, आणि त्या नोंदीत कंपनीच्या वतीने नोटीस घेणाऱ्या भारतातल्या माणसाचं नाव द्यावं लागतं. या २०१६ च्या नियमावलीत बदल करण्याचा मसुदा रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये मांडला आहे, म्हणून अर्ज करताना त्या दिवशी लागू असलेला नियमच बघावा.

उपकंपनीला ना नफ्याच्या इतिहासाची अट, ना किमान भांडवलाची. खासगी कंपनीला किमान २ भागधारक आणि २ संचालक लागतात, त्यातला निदान १ संचालक त्या आर्थिक वर्षात १८२ दिवस भारतात राहिलेला हवा. सगळी मालकी डच कंपनीला ठेवायची असेल तर एक शेअर दुसऱ्या कुणाच्या नावावर, पण डच कंपनीच्याच हिताकरता ठेवतात आणि तसं रीतसर जाहीर करतात. परदेशातून येणारी कागदपत्रं तिथे नोटरी करून आणि अपोस्टील, म्हणजे परदेशात ग्राह्य धरला जाणारा सरकारी शिक्का, घेऊन आणायची. कंपनी निघणं यात अवघड काही नाही.

गाडी अडते ती पैसा आल्यावर. शेअरचे पैसे आल्यापासून ६० दिवसांत शेअर द्यावे लागतात आणि शेअर दिल्यापासून ३० दिवसांत एफसी-जीपीआर हा फॉर्म रिझर्व्ह बँकेच्या पोर्टलवर भरावा लागतो. इथे नेहमी दिसणारी चूक अशी: शेअर घेणार कंपनी 'अ', पण घाईत पैसे पाठवले तिच्या भगिनी कंपनीने किंवा संचालकाने स्वतःच्या खात्यातून. बँकेच्या पावतीवर एक नाव, भागधारकांच्या नोंदवहीत दुसरं. किंवा पैसे पाठवताना कारणाच्या रकान्यात "मालाचा आगाऊ भरणा" असं लिहिलं, आणि आता त्यालाच भांडवल म्हणायचं आहे. मग बँक फॉर्म परत पाठवते, खुलासे मागते, दिवस निघून जातात आणि उशिराचं शुल्क लागतं. पैसे निघण्याआधी पाठवणाऱ्याचं नाव आणि कारण हे दोन रकाने फोनवर वाचून घ्यायला पाच मिनिटं लागतात. नंतर निस्तरायला महिने जातात.

कराचा हिशेब लोकांना सगळ्यात किचकट वाटतो, पण १ कोटीचा नफा धरून मांडला की चित्र स्वच्छ दिसतं.

शाखा म्हणजे परदेशी कंपनी, म्हणून परदेशी कंपनीचा दर लागतो. तो पूर्वी ४० टक्के होता, आर्थिक वर्ष २०२४-२५ पासून ३५ टक्के झाला. त्यावर ४ टक्के उपकर. १ कोटीवर कर झाला ३६ लाख ४० हजार, उरले ६३ लाख ६० हजार. नफा कोटीच्या वर गेला की अधिभारही लागतो. उरलेले पैसे नेदरलँड्सला पाठवताना भारतात आणखी कर नाही, कारण कंपनी स्वतःचेच पैसे स्वतःकडे नेते आहे.

उपकंपनी भारतीय आहे. सवलती सोडून कमी दराची वाट निवडली तर तिला २२ टक्के, त्यावर १० टक्के अधिभार आणि मग ४ टक्के उपकर, म्हणजे एकूण २५.१६८ टक्के कर लागतो. १ कोटीवर कर २५ लाख १६ हजार ८००, उरले ७४ लाख ८३ हजार २००. इथे थांबलं तर उपकंपनीकडे शाखेपेक्षा सव्वाअकरा लाखांच्या आसपास जास्त उरतात. पण हे पैसे अजून उपकंपनीचे आहेत. मालकाकडे न्यायचे तर लाभांश द्यावा लागतो, आणि २०२० पासून लाभांशावरचा कर घेणाऱ्याच्या माथी आहे. भारत आणि नेदरलँड्स या देशांमधल्या कर करारात तो १० टक्के आहे. म्हणजे ७ लाख ४८ हजार ३२० कापून ६७ लाख ३४ हजार ८८० पोहोचतात. शाखेपेक्षा पावणेचार लाख जास्त.

आता हाच हिशेब असा कर करार हाती नसताना करा. तेव्हा लाभांशावर २० टक्के आणि उपकर मिळून २०.८ टक्के कापले जातात, आणि पोहोचतात साधारण ५९ लाख २७ हजार. आता शाखाच पुढे गेली! लाभांशावरचा कर १५ टक्क्यांच्या आसपास असला की दोन्ही पारडी जवळपास सारखी होतात. त्याच्या खाली उपकंपनी बरी, वर गेला तर शाखा. म्हणून "उपकंपनीला कर कमी" हे जे सरसकट सांगितलं जातं ते अर्धंच खरं आहे. नफा इथेच ठेवून कारखाना वाढवायचा असेल तर उपकंपनी चांगलीच पुढे आहे. सगळा नफा दरवर्षी घरी न्यायचा असेल तर मालक कुठल्या देशाचा आणि त्या देशाशी आपला करार काय, यावर निकाल ठरतो. करारातला दर आपोआपही मिळत नाही. त्या देशाच्या कर खात्याचा रहिवासी दाखला लागतो आणि लाभांशाचा खरा धनी तीच कंपनी आहे हे दाखवावं लागतं. तिसऱ्या देशातल्या मालकाने मध्ये नुसती नावाची डच कंपनी उभी केली असेल, तर कर खातं तो दर नाकारू शकतं.

आणखी एक बारकावा. उपकंपनी मूळ कंपनीला तंत्रज्ञानाची रॉयल्टी किंवा सेवेचं शुल्क देऊ शकते आणि ते खर्चात धरू शकते. रक्कम मात्र बाजारभावाला धरून असावी आणि वेळेवर कर कापलेला असावा. शाखा असं बिल लावू शकत नाही, कारण स्वतःच स्वतःला बिल कसं देणार? मुख्यालयाच्या प्रशासकीय खर्चातला वाटा तिला मिळतो, पण त्यालाही तिच्या उत्पन्नाच्या ५ टक्क्यांची मर्यादा आहे.

आता आपल्या लोकांचा प्रश्न. समजा सावद्याच्या एका खोकी पुरवठादाराचे ४० लाख अडकले. समोर शाखा असेल तर देणेकरी थेट डच कंपनी आहे आणि तिची सगळी मालमत्ता त्या देण्याला जबाबदार आहे. ती परदेशात असल्यामुळे वसुली लांबची आणि खर्चाची, हेही तितकंच खरं. समोर उपकंपनी असेल तर दावा त्या भारतीय कंपनीवर, आणि तिच्याकडे आहे तेवढंच. तिचं भरणा झालेलं भांडवल १ लाख असू शकतं, पॅक हाऊस भाड्याचं, ट्रक भाड्याचे, मशीनवर बँकेचा बोजा. मूळ कंपनी अब्जाधीश असली तरी तिने वेगळी हमी दिलेली नसेल तर साधारणपणे तिच्या दारात जाता येत नाही. भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर युनियन कार्बाइडने हाच मुद्दा मांडला होता. भारतीय कंपनीत तिची ५०.९ टक्के मालकी होती, तरी ती कंपनी वेगळी आहे असं तिचं म्हणणं होतं. एवढ्या मोठ्या विषयात तडजोड १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर झाली. ४० लाखांच्या खोक्यांसाठी एवढी लांबची लढाई कुणालाच परवडणार नाही, म्हणून आधीच बघून घेणं बरं.

बघायचं कुठे? पहिली जागा बिल आणि करार. नावाच्या शेवटी "प्रायव्हेट लिमिटेड" असेल तर भारतीय कंपनी. तिचा २१ अक्षरांचा सीआयएन क्रमांक छापलेला असतो. त्यात MH हे राज्य, मग ४ आकडी वर्ष, आणि त्याच्यापुढे FTC ही अक्षरं आली तर ती परदेशी कंपनीची खासगी उपकंपनी म्हणून नोंदलेली आहे. शाखेला सीआयएन नसतो, तिचा नोंदणी क्रमांक F पासून सुरू होतो. दुसरी जागा कार्यालयाची पाटी. परदेशी कंपनीने आपलं नाव आणि ती कुठल्या देशात स्थापन झाली हे इंग्रजीत आणि त्या गावच्या भाषेतही बाहेर लिहावं, असं कंपनी कायदा सांगतो. म्हणजे जळगावच्या शाखेच्या पाटीवर मराठीत देशाचं नाव हवंच. तिसरी जागा कंपनी मंत्रालयाचं संकेतस्थळ. तिथे उपकंपनीचं भरणा झालेलं भांडवल आणि मालमत्तेवरचे बोजे दिसतात. भांडवल १ लाख आणि तुमची उधारी ४० लाख असेल, तर आगाऊ रक्कम, बँक हमी किंवा निदान टप्प्याटप्प्याने माल, यातलं काहीतरी मागा. मागायला लाजायचं कारण नाही, मोठ्या कंपन्या एकमेकांकडे हेच मागतात.

आपल्या डच कंपनीने काय करावं? पल्पचा कारखाना पुढच्या ३-४ वर्षांत खरंच करायचा असेल, तर मी पहिल्या दिवसापासून उपकंपनीच सुचवेन. "आधी शाखा उघडू, जमलं की तिलाच उपकंपनी करू" हे ऐकायला सोपं वाटतं, पण शाखेचं रूपांतर असं होत नाही. नवी कंपनी काढायची आणि शाखेचा धंदा तिला विकायचा. जीएसटी, आयात-निर्यात क्रमांक, अन्न परवाना, शेतमाल निर्यातीसाठीची अपेडाची नोंदणी सगळं नव्या नावाने. माणसांचे करार नवे, विक्रीवर कर लागतो का याचा हिशेब वेगळा. मग शाखा बंद करायची: सीएचे दाखले, कर खात्याची बाकी, बँकेची मंजुरी, आणि तेवढं झाल्यावर शिल्लक पैसे बाहेर. फक्त दोन-तीन हंगाम माल उचलून बाजार अजमावायचा असेल आणि मूळ कंपनी जुनी, नफ्यातली असेल, तर शाखा ठीक आहे. बागायतदारांना त्यात थेट मोठ्या कंपनीची जबाबदारीही मिळते.

शेवटचा मुद्दा तरुणांसाठी, कारण तो हल्ली जळगाव-धुळ्यात घडतो आहे. उपकंपनीला भारतात राहणारा संचालक लागतो, आणि त्यासाठी इथल्याच एखाद्या शिकलेल्या मुलाला विचारलं जातं: "नुसतं नाव द्या, महिन्याला मानधन देऊ." कायद्यात "नुसतं नाव" असा संचालक नाही. कापलेला कर भरला नाही, कामगारांचा भविष्य निर्वाह निधी थकला, वार्षिक विवरणपत्रं राहिली, की नोटीस भारतातल्या पत्त्यावर येते, आणि पत्ता त्याचा असतो. लागोपाठ ३ वर्षं विवरणपत्रं गेली नाहीत तर ५ वर्षं दुसऱ्या कुठल्या कंपनीतही संचालक होता येत नाही. तरीही पद घ्यायचं असेल तर बँक खात्याचं विवरण दर महिन्याला आपल्याला बघायला मिळेल, संचालकांच्या सभेचं इतिवृत्त आपल्याकडे येईल आणि संचालकांचा जबाबदारी विमा मूळ कंपनी काढेल, हे नियुक्तीच्या पत्रात लिहून घ्या. नोंदणीसाठी डिजिटल सही काढली जाते, तिचं टोकन स्वतःजवळ ठेवा. ते एकदा सल्लागाराच्या ड्रॉवरमध्ये गेलं की आपल्या नावाने कुठला फॉर्म कधी गेला ते आपल्याला कळत नाही.